मावळतीपासून मागे मोजा

मंडळी, आज आपण एक गणित करायचे आहे. त्याला पाटी-पेन्सिल पुरे. फक्त ते उलटे करायचे आहे, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे.

डोंगरात फिरायला निघणारा माणूस बहुधा असे विचारतो, "किती वाजता निघूया?" कुणी म्हणतो आठला, कुणी म्हणतो न्याहारी करून, कुणी म्हणतो पहिली एस. टी. मिळेल तेव्हा. मग चालत राहतात आणि अंधार पडेल तिथे पडतो. आम्ही म्हणतो, प्रश्न उलटा विचारा. "अंधार किती वाजता पडणार आणि त्याच्या आधी परत यायचे तर उशिरात उशिरा किती वाजता निघावे लागेल?" या प्रश्नाला पक्के उत्तर आहे. पहिल्या प्रश्नाला नाही.

उदाहरण आपल्या जवळचेच घेऊ. कोल्हापूरहून पन्हाळा वीसेक किलोमीटर. पन्हाळ्याच्या पश्चिमेला पुसाटी बुरूज आहे. तिथून खाली उतरायचे, म्हाळुंगे गावाकडून पुन्हा वर चढायचे आणि मसाईच्या पठारावर पोचायचे. पठार जांभ्या दगडाचे, सपाट, उघडे. वर मसाई देवीचे देऊळ. दर्शन घ्यायचे, भाकरी खायची आणि आल्या वाटेने पन्हाळ्याला परत. १६६० सालच्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले ते याच बाजूने. ते रात्रीचे निघाले होते, कारण त्यांना अंधार हवा होता. आपल्याला तो नको आहे, एवढाच फरक.

वाट कुठून धरली यावर अंतर थोडे कमी-जास्त होते. आपण हिशेबासाठी एका बाजूचे ९ किलोमीटर धरू, म्हणजे जाऊन-येऊन १८. आणि जातानाचा चढ २०० मीटर, येतानाचाही २००. येताना चढ कसा, असे कुणी विचारील. पन्हाळ्यावरून जाताना जे उतरलो ते येताना चढायचे असते ना! ही गोष्ट पुष्कळजण विसरतात. दिवसाच्या शेवटी, पाय दमलेले आणि उजेड कमी झालेला, अशा वेळी पन्हाळ्याचा चढ समोर उभा राहतो. या वाटेतली खरी मेख तीच आहे.

आता पहिली पायरी: सूर्य कधी मावळतो?

दिनदर्शिकेत किंवा पंचांगात सूर्यास्ताची वेळ छापलेली असते. ती वाचता येणे हा आपल्या शिकण्याचा मोठा उपयोग. पण वेळ वाचण्याआधी ती कोणत्या गावाची आहे ते वाचा. सगळ्या देशाचे घड्याळ एक असले तरी सूर्य काही सगळीकडे एका वेळी मावळत नाही. नागपूर आपल्या पूर्वेला. २२ नोव्हेंबरला तिथे साधारण साडेपाचलाच सूर्य मावळतो, आणि कोल्हापुरात ५ वाजून ५७ मिनिटांनी. पंचवीसेक मिनिटांचा फरक! नागपूरच्या पाहुण्याने आपल्या सवयीने चालावे आणि कोल्हापूरच्या माणसाने नागपुरात जाऊन आपल्या सवयीने चालावे, यात दुसरा फसणार.

आणखी एक गंमत सांगतो. वर्षातला सगळ्यात लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेचा, हे आपण ऐकलेले आहे. म्हणून लोकांना वाटते की सूर्यही त्याच दिवशी सगळ्यात लवकर मावळत असेल. तसे नाही. कोल्हापुरात सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या विशीनंतर, सहाला दोन-तीन मिनिटे कमी असताना. डिसेंबरच्या त्या लहान दिवशी तो ६ वाजून ५ मिनिटांपर्यंत टिकतो, आणि जानेवारीच्या मध्यावर सव्वासहाच्याही पुढे. लहान दिवसाची कसर सकाळी निघते, कारण तेव्हा सूर्य उशिरा उगवतो. दिवाळीनंतर गवत वाळते, वाटा मोकळ्या होतात आणि लोक डोंगराकडे वळतात. नेमका तोच काळ लवकर संध्याकाळ होण्याचा. म्हणून आम्ही हिशेबाला २२ नोव्हेंबर ही तारीख घेतली आहे.

सूर्य मावळला की लगेच काळोख होत नाही, संधिप्रकाश असतो, हे खरे. पण आपल्याकडे तो फार टिकत नाही. त्या दिवसांत सूर्यास्तानंतर बावीस-तेवीस मिनिटे पायाखालचा दगड नीट दिसतो, मग दिसेनासा होतो. विलायतेत लंडनला जूनमध्ये हाच उजेड पाऊण तासाच्या वर रेंगाळतो. तिथे सूर्य तिरका, क्षितिजाला घासत खाली जातो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली उतरतो.

यावरून बोटांच्या हिशेबाचे सांगायला हवे. हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये आडवी बोटे धरायची आणि एका बोटाला पंधरा मिनिटे मोजायची, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. हा हिशेब थंड देशांतून आलेला दिसतो. तिकडे सूर्य तिरका जातो, म्हणून वेळ जास्त लागतो. आपल्या कोल्हापुरात एका बोटाला नऊ-दहा मिनिटांपेक्षा जास्त धरू नका. चार बोटे उरली म्हणजे एक तास उरला असे समजून जो बसला, त्याचा वीस मिनिटांचा तोटा झाला. बोटे प्रत्येकाची निराळी, तेव्हा एखाद्या संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर घड्याळ घेऊन बसा आणि आपले बोट किती मिनिटांचे आहे ते मोजून ठेवा.

मग संधिप्रकाशाची ती बावीस मिनिटे हिशेबात धरायची का? आमचे मत, मुळीच नाही. ती देवाची शिल्लक, खर्चाला काढायची नाही. उलट सूर्यास्ताच्याही अर्धा तास आधी पोचायचे, असे धरायचे. कारण पंचांगातला सूर्यास्त हा मोकळ्या, सपाट क्षितिजावरचा. मसाईच्या उघड्या पठारावर तो जवळजवळ तसाच दिसेल. पण आपण परत येतो ते पूर्वेला तोंड करून. पठाराची कड उतरलो की सूर्य पठाराआड जातो. खालच्या घळीत सावली लवकर पडते आणि झाडीत त्याच्याही आधी. वर ऊन असते आणि खाली दिवेलागण झालेली असते! तेव्हा ५ वाजून ५७ मिनिटांतून २७ वजा करू. उरले साडेपाच. साडेपाचला आपण पुसाटी बुरुजाशी परत हवे. ही आपली कड. येथून मागे मोजायचे.

दुसरी पायरी: आपली चाल किती?

चाल अंदाजाने सांगू नये. जो तो स्वतःला घोडा समजतो. सडकेवर किलोमीटरचे दगड असतात. चार दगड ओलांडायला किती वेळ लागला ते घड्याळावर पाहावे, आणि पाठीवर नेहमीचे ओझे घेऊन पाहावे. तासाला ४ किलोमीटर ही साधारण माणसाची डोंगरवाटेवरची बरी चाल. पण मंडळींची चाल म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याची चाल. दहाजण निघाले, नऊजण ५ किलोमीटरने आणि एक आजोबा ३ किलोमीटरने चालणारे, तर सगळ्यांची चाल ३. सरासरी काढायची नाही. सरासरीने आजोबा पोचत नाहीत.

शिवाय चढाचा वेळ वेगळा द्यावा लागतो. स्कॉटलंडमध्ये विल्यम नेस्मिथ नावाचे एक डोंगर चढणारे गृहस्थ होते. त्यांनी १८९२ साली एक ठोकताळा लिहून ठेवला: दर तीन मैलांना एक तास, आणि चढावाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. डोंगरात जाणारे लोक तो आजही वापरतात. आपल्या मापात सांगायचे तर दर १०० मीटर चढाला १० मिनिटे जास्त. त्यांचे तीन मैल म्हणजे जवळजवळ ५ किलोमीटर. ती चाल धडधाकट माणसाची, तीही न थांबता. ती आपण घेणार नाही. चढाचा हिशेब मात्र घेऊ.

आता मांडा पाटीवर. ९ किलोमीटर, तासाला ४, म्हणजे सव्वादोन तास. २०० मीटर चढाची २० मिनिटे. एका बाजूचे झाले २ तास ३५ मिनिटे. दोन्ही बाजूंचे ५ तास १० मिनिटे. तासाला दहा मिनिटे दम खायला, पाणी प्यायला. पाच तासांची झाली ५० मिनिटे. देवळाशी दर्शन आणि भाकरी, एक तास. येथवर बेरीज बरोबर ७ तास.

आणि आता शिलकीचा वेळ. कुणाची चप्पल तुटते, कुणाचा पाय मुरगळतो, कुठे वाट चुकते आणि मागे यावे लागते. याला नाव नसते, पण वेळ लागतोच. चालण्याच्या वेळेचा पाचवा हिस्सा यासाठी ठेवावा. आपले चालणे पाच तासांचे, म्हणून एक तास. एकूण ८ तास.

साडेपाचातून आठ तास कसे वजा करायचे? पाचातून आठ जात नाहीत, असे आमच्या वर्गातल्या एका मावशींनी लगेच सांगितले. खरे आहे. म्हणून दुपारनंतरचा तास लिहिताना त्यात १२ मिळवायचे, रेल्वेच्या वेळापत्रकासारखे. संध्याकाळचे साडेपाच म्हणजे १७:३०. त्यातून ८:०० गेले, उरले ९:३०. म्हणजे पुसाटी बुरुजावरून उशिरात उशिरा सकाळी साडेनऊला पाऊल पडले पाहिजे. आणि त्याच्याही मागे कोल्हापूरची एस. टी. आहे. वीस किलोमीटर, घाटाची चढण, गाडीची वाट पाहणे, पन्हाळ्याच्या स्टँडपासून बुरुजापर्यंतची चाल, असा दीड तास तरी धरा. तेव्हा मंडळी आठला स्टँडवर हजर हवीत. "आठला निघू" आणि "आठला जमू" यांत कोल्हापुरी माणसाचा अर्धा तास जातो, हे वेगळे सांगायला नको!

इथे मिनिटांच्या वजाबाकीचा एक शब्द. हातचा घेताना तासाचे शंभर घेऊ नका, साठ घ्या. १७:३० मधून २:३५ काढायचे आहेत. ३० मधून ३५ जात नाहीत. एक तास फोडा, ६० मिनिटे मिळाली, ३० मध्ये घातली, झाली ९०. आता १६ तास ९० मिनिटांतून २ तास ३५ मिनिटे गेली, उरले १४ तास ५५ मिनिटे. दुपारचे तीनला पाच कमी. शंभर घेतले असते तर १४ तास ९५ मिनिटे आली असती, आणि अशी वेळ घड्याळात नसते. मिनिटे साठाच्या वर आली की चूक तिथेच कळते. पण १७:५० मधून २:५५ काढताना शंभर घेतले तरीही ९५ येतात, तेव्हाही कळते. आणि १७:१० मधून २:५५ काढताना ५५ येतात, तेव्हा मात्र कळत नाही. उत्तर खरे वाटते आणि चाळीस मिनिटांनी चुकलेले असते. म्हणून उत्तर मिळाले की उलट बेरीज करून पाहावी.

आता या साऱ्यातली सगळ्यात कामाची वेळ कोणती? निघण्याची नव्हे. परत फिरण्याची.

कारण सकाळी साडेनऊला निघालो, हे कोल्हापुरात बसून ठरवलेले. पण पुढे काय घडेल ते वाटेवर कळते. म्हणून पुन्हा साडेपाचापासूनच मागे मोजा. परतीचे चालणे २ तास ३५ मिनिटे. परतीचा दम २५ मिनिटे. शिलकीतला अर्धा तास परतीसाठी राखून ठेवा. हे झाले साडेतीन तास. १७:३० मधून ३:३० गेले, उरले १४:००. दुपारी दोनला देऊळ सोडायचे. पुढून मोजून ताळा पाहा. साडेनऊला निघालो, २ तास ३५ मिनिटे चाल आणि २५ मिनिटे दम, साडेबाराला देवळाशी. शिलकीतला पहिला अर्धा तास वाटेत गेला तर एकला. एक तास जेवण. दोन वाजले. ताळा जमला.

दोन वाजता मंडळी कुठेही असोत, तोंड पन्हाळ्याकडे. दर्शन झालेले असो वा नसो. "आता आलोच, देऊळ ते काय तिथं दिसतंय" असे हमखास कुणीतरी म्हणतो. उघड्या पठारावर लांबचे जवळ दिसते. अर्धा तास चालले तरी देऊळ तेवढेच लांब. आणि पुढे टाकलेले प्रत्येक पाऊल दोनदा मोजायचे असते, एकदा जाताना आणि एकदा येताना.

चाल मनात धरली तशी पडते आहे की नाही, हे पहिल्या तासातच पाहून घ्यावे. समजा, ४ किलोमीटरवर एखादी ठाऊक असलेली खूण आहे. तिथे एका तासात पोचायचे होते आणि सपाटीवरच सव्वा तास लागला. म्हणजे खरी चाल तासाला ३ किलोमीटर आणि २०० मीटर. या चालीने ९ किलोमीटरला २ तास ४९ मिनिटे लागतात, चढाची २० धरून ३ तास ९ मिनिटे. एका बाजूला ३४ मिनिटे जास्त, दोन्ही बाजूंना मिळून १ तास ८ मिनिटे. शिलकीचा तास सगळा गेला आणि वर आठ मिनिटे अंगावर आली. पाय अजून कुणाचाही मुरगळलेला नाही, चप्पल तुटलेली नाही, आणि शिल्लक मात्र संपली! अशा वेळी भाकरी अर्ध्या तासात आटोपा आणि दीडच्या सुमारास उठा. तेही जमत नसेल तर देऊळ येण्याआधीच पठाराच्या कडेवर भाकरी सोडा आणि तिथून फिरा. देवी रागावत नाही.

हा हिशेब मोडला की काय होते, तेही सांगतो. पठारावर गुरांच्या पायवाटा शेकडो. उजेडी त्यांतली खरी वाट ओळखू येते, कारण लांबवर ती कुठे जाते ते दिसते. अंधारात हातातल्या मोबाईलच्या उजेडात चार पावले दिसतात, आणि चार पावलांत सगळ्या ढोरवाटा सारख्याच. पठाराला कडा आहेत, त्या बॅटरीच्या उजेडात अगदी पायाशी येईपर्यंत दिसत नाहीत. संध्याकाळी गवेही चरायला बाहेर पडतात. बॅटरी जवळ असावीच, पण ती आहे म्हणून साडेनऊचे दहा करू नयेत.

आता कुणी म्हणेल, पावसाळ्यात बरे, तेव्हा दिवस मोठा. जुलैच्या मध्यावर कोल्हापुरात सूर्य ७ वाजून १० मिनिटांनी मावळतो. नोव्हेंबरपेक्षा सव्वा तास जास्त मिळाला, मग पावणेअकराला निघाले तरी चालेल!

तोच हिशेब मांडून पाहू. पावसात वाट निसरडी, चिखल पायाला ओढतो. चाल तासाला ३ किलोमीटर धरा. ९ किलोमीटरला ३ तास, चढाची २० मिनिटे, दोन्ही बाजूंचे ६ तास ४० मिनिटे. दम खायला पूर्वीसारखीच ५० मिनिटे, भाकरीला एक तास. ओढ्याला पाणी चढले तर उतरायची वाट पाहत बसावे लागते, धुक्यात वाट शोधावी लागते, म्हणून शिलकीला दोन तास. बेरीज १० तास ३० मिनिटे. आणि ढग-धुके असले की सूर्यास्ताच्या कितीतरी आधी उजेड मरतो. म्हणून अर्ध्याऐवजी एक तास आधी पोचायचे. ७ वाजून १० मिनिटांतून एक तास गेला, ६ वाजून १०. म्हणजे १८:१० मधून १०:३० वजा. आठरातल्या एका तासाची साठ मिनिटे फोडून घ्या, १७ तास ७० मिनिटे झाली. त्यातून १० तास ३० मिनिटे गेली. उरले ७:४०.

दिवस सव्वा तासाने मोठा झाला आणि निघायची वेळ जवळजवळ दोन तासांनी अलीकडे आली. सकाळी आठला वीस मिनिटे कमी असताना बुरुजाशी हजर व्हायचे, तर त्याच सकाळी घरून निघून हे जमणे कठीण. तेव्हा पावसाळ्यात जायचे तर आदल्या रात्री पन्हाळ्याला मुक्कामाला जावे, किंवा अर्ध्या वाटेपर्यंतच जाऊन यावे.

आणि याच हिशेबाने दुसरेही एक कळते. दरवर्षी जुलैत पुष्कळ मंडळी पन्हाळ्याहून पावनखिंडीला पायी जातात. ती वाट पन्नास किलोमीटरच्या घरातली. तासाला ३ किलोमीटरने नुसत्या चालण्यालाच सोळा-सतरा तास लागतात. सूर्यास्तापासून मागे मोजले तर निघण्याची वेळ आदल्या मध्यरात्रीच्या आसपास जाते. वजाबाकीचे उत्तर सूर्योदयाच्या अलीकडे आले की समजावे, ही वाट एका दिवसाची नाही. म्हणूनच ही मंडळी वाटेत एखाद्या वाडीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी खिंडीला पोचतात. तिथेही दर दिवसाचा हिशेब वेगळा मांडायचा, आणि पहिल्या दिवसाचे शेवटचे ठिकाण हे त्या दिवसाच्या सूर्यास्तापासून मागे मोजूनच ठरवायचे.

आता पाट्या काढा. जोतिबाच्या डोंगरावर जायचे आहे. एका बाजूचे अंतर ६ किलोमीटर धरा, चढ ३०० मीटर, तो सगळा जातानाच. तारीख १५ जानेवारी, सूर्यास्त ६ वाजून १९ मिनिटे. चाल ज्याने त्याने आपली स्वतःची घालावी. उत्तरे सगळ्यांची वेगवेगळी येतील, आणि ती तशीच यायला हवीत.